तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बैजिक संख्या मोजताना

पार्श्वभूमी

आमचं महाविद्यालय यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. गणित विभागात आम्ही दोघंच, एक मॅडम आणि मी. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला वास्तव विश्लेषण त्या शिकवतात. कापूस वेचणी सुरू झाली की वर्ग निम्मा होतो, आणि उरलेल्यांपैकी अर्ध्यांची नजर परतीच्या एस.टी.वर असते. तरीही शनिवारचा शेवटचा तास मॅडमनी मुलांसाठी राखून ठेवला आहे. एकानं फळ्यावर एखादं प्रमेय सिद्ध करायचं आणि बाकीच्यांनी त्याला अडवायचं. हे प्रकरण अशाच एका शनिवारी सुरू झालं आणि पुढचे काही आठवडे चाललं. मुलांची नावं देत नाही.

वर्गाला तोवर काय ठाऊक होतं ते आधी सांगतो. ज्या संचातल्या घटकांची अशी यादी करता येते की प्रत्येक घटकाला ठरावीक क्रमांक मिळतो, तो संच गणनीय. पूर्णांकांची यादी 0, 1, −1, 2, −2 अशी होते. परिमेय संख्यांचीही होते. मात्र 0 आणि 1 यांच्या मधल्या सगळ्या वास्तव संख्यांची अशी यादी होऊ शकत नाही, हे कॅन्टरचं कर्णाचं प्रमेय आदल्याच आठवड्यात झालं होतं.

त्या शनिवारचा विषय होता बैजिक संख्या. पूर्णांक सहगुणक असलेल्या एखाद्या शून्येतर बहुपदीचं जी संख्या मूळ असते, ती बैजिक. x² − 2 मुळे √2 बैजिक ठरतो आणि qx − p मुळे प्रत्येक परिमेय संख्या बैजिक ठरते. e बैजिक नाही हे हर्माइटनं १८७३ मध्ये सिद्ध केलं, π बैजिक नाही हे लिंडेमाननं १८८२ मध्ये. अशा संख्यांना बीजातीत म्हणतात. बैजिक संख्यांचा संच गणनीय आहे, एवढं दाखवायचं होतं.

पहिली अडचण: यादी पुढे सरकतच नाही

फळ्यावर आलेल्या मुलीनं मांडणी नेटकी केली. एका ठरावीक कोटीच्या बहुपदींचा संच गणनीय. कोटी १, २, ३ अशा वाढत जातात, म्हणून सगळ्या बहुपदी म्हणजे गणनीय संचांचा गणनीय संयोग. प्रत्येक बहुपदीला जास्तीत जास्त कोटीइतकीच मुळं, म्हणून बैजिक संख्या हाही सांत संचांचा गणनीय संयोग. सारा भार एकाच विधानावर होता: गणनीय संचांचा गणनीय संयोग गणनीय असतो.

मॅडमनी तेच सिद्ध करायला सांगितलं. ती म्हणाली, "आधी पहिल्या संचाची यादी लिहायची, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची."

मागच्या बाकावरून आवाज आला. "अन् पहिल्या गावच्या गाड्या सरल्याच नाही त? जिनिंगच्या काट्यावर दुसऱ्या गावाचा नंबर कवा लागन?"

वर्ग हसला, पण मुद्दा अचूक होता. पहिला संच अनंत असेल तर त्याची यादी संपत नाही, आणि दुसऱ्या संचाच्या पहिल्याच घटकाला कोणताही क्रमांक मिळत नाही. मुलीनं लगेच दुरुस्ती सुचवली: प्रत्येक संचातून आधी एकेकच घटक घ्यायचा. ही दुरुस्ती पहिल्या चुकीपेक्षा फसवी आहे, कारण ती न्याय्य वाटते. संचच अनंत आहेत, तेव्हा एकेक घेण्याची पहिली फेरीही संपत नाही आणि कुठल्याही संचाच्या दुसऱ्या घटकाची पाळी येत नाही.

मॅडमनी उत्तर दिलं नाही. एवढंच विचारलं, "तिसऱ्या संचाचा पाचवा घटक कितव्या नंबरवर आला? आकडा सांग."

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सर्वांत कामाचा प्रश्न हाच. यादी बरोबर आहे की नाही ते 'शेवटी सगळे येतील' या आश्वासनावरून कळत नाही. कोणत्याही एका घटकाकडे बोट दाखवल्यावर त्याचा क्रमांक सांगता येतो का, यावरून कळतं.

आकडा सांगायचा म्हटल्यावर तिला तिरप्या रेषा आठवल्या. m व्या संचाच्या n व्या घटकाला (m, n) म्हणायचं आणि m + n च्या चढत्या क्रमानं जायचं. आधी (1, 1), मग (1, 2) आणि (2, 1), मग (1, 3), (2, 2), (3, 1). प्रत्येक तिरप्या रेषेवर मोजकेच घटक असतात, म्हणून रेषा संपते आणि पुढची सुरू होते. (m, n) च्या रेषेआधी 1 + 2 + … + (m + n − 2) घटक होऊन गेलेले असतात, म्हणून त्याचा क्रमांक (m + n − 2)(m + n − 1)/2 + m. तिसऱ्या संचाच्या पाचव्या घटकासाठी 6·7/2 + 3, म्हणजे 24. तिनं तो आकडा फळ्यावर लिहून त्याभोवती गोल काढला.

एकच घटक दोन संचांत असला तर? दुसऱ्यांदा आला की गाळायचा. त्यामुळे बाकीच्यांचे क्रमांक फार तर अलीकडे सरकतात, एकही घटक सुटत नाही. एखादा संच सांत असला तर त्याच्या रिकाम्या जागा ओलांडायच्या.

दुसरी अडचण: नको तेवढं सिद्ध होतंय

काट्याचा प्रश्न विचारणारा मुलगा तासाला हटकून हजर असतो. आता तो तिच्या पहिल्या पायरीकडे वळला. ठरावीक कोटीच्या बहुपदींचा संच गणनीय का, याचं तिचं कारण असं होतं की प्रत्येक सहगुणकाला गणनीय पर्याय आहेत. तो म्हणाला, "मंग एवढा खटाटोप काहून करतेस? सगळे सहगुणक एकदमच घे ना. a₀, a₁, a₂, कितीबी असू दे, प्रत्येकाले गणनीयच पर्याय हायत. झालं की गणनीय."

मॅडमनी त्याला फळ्यावर बोलावलं आणि त्याचा युक्तिवाद दशांश अपूर्णांकांना लावायला सांगितला. दशांश चिन्हानंतरच्या प्रत्येक जागेला दहाच पर्याय, गणनीय तर सोडाच, सांत. मग त्याच्या हिशेबानं 0 ते 1 मधल्या सगळ्या वास्तव संख्या गणनीय व्हायला हव्यात. आदल्या आठवड्याचं प्रमेय नेमकं याच्या उलट सांगतं. तो खडू हातात घेऊन जरा वेळ तसाच उभा राहिला, मग म्हणाला, "म्हणजे माझ्या सिद्धतेनं वास्तव संख्या बी मोजल्या गेल्या."

फरक कुठे आहे? n कोटीच्या बहुपदीला n + 1 च सहगुणक असतात. दोन सहगुणकांच्या जोड्या तिरप्या रेषांनी मोजता येतात. त्या जोड्यांची यादी आणि तिसरा सहगुणक यांच्या जोड्या पुन्हा त्याच रीतीनं. असं ठरावीक वेळा केलं की काम संपतं, मग n कितीही मोठा असो. त्यानंतर वेगवेगळ्या n चे संच एकत्र करायचे, तो संयोग. सहगुणक कधीच न संपणारे असतील तर ही क्रिया कुठल्याच पायरीवर पुरी होत नाही, आणि पूर्णांकांच्या अशा अनंत क्रमिका खरोखरच गणनीय नसतात. पर्याय गणनीय आहेत एवढ्यानं भागत नाही. निवडी किती करायच्या, तेही पाहावं लागतं.

इथे वर्गाला एक पारख मिळाली. गणनीयतेची कोणतीही सिद्धता लिहून झाली की ती अनंत क्रमिकांवर चालवून पाहायची. तिथेही ती बिनबोभाट चालली, तर ती चुकीची आहे.

तिसरी अडचण: याद्या कोणी दिल्या?

तास इथेच संपला असता. पण पुढच्या आठवड्यात ती मुलगी स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, तिसऱ्या संचाचा पाचवा घटक असं आपण म्हटलं. पण पाचवा कोन्या यादीत? एकाच संचाच्या याद्या तर कितीक होतात."

प्रश्न खोल आहे. संच गणनीय आहे म्हणजे त्याची किमान एक यादी अस्तित्वात आहे. एकाच संचाची गोष्ट असेल तर त्यातली एक उचलायची, अडचण नाही. दहा संच असले तरी नाही. पण अनंत संचांसाठी एकेक यादी एकदम उचलायची आणि ती कशी उचलायची याचा नियम हातात नाही, तर त्यासाठी वेगळं गृहीतक लागतं. त्याला निवडीचं स्वयंसिद्ध म्हणतात. इथे त्याचं गणनीय संचांपुरतं सौम्य रूप पुरतं, पण ते लागतं.

हा नुसता कीस काढणं नाही. फेफरमन आणि लेव्ही यांनी १९६३ मध्ये दाखवलं की निवडीचं स्वयंसिद्ध बाजूला ठेवलं तर संचसिद्धान्ताच्या बाकी स्वयंसिद्धांशी एक विलक्षण परिस्थिती सुसंगत राहते: सगळ्या वास्तव संख्यांचा संच गणनीय संचांचा गणनीय संयोग असतो. वास्तव संख्या तिथेही गणनीय नसतात, कारण कर्णाच्या सिद्धतेला निवड लागत नाही. म्हणजे त्या जगात आपलं संयोगाचं प्रमेयच खोटं ठरतं.

मग बैजिक संख्या गणनीय आहेत हे विधानही याच गृहीतकावर टेकलंय का? मुलीला खरं तर हेच विचारायचं होतं.

समोरचे पर्याय

आम्ही दोघं चहावर बसलो. पहिला पर्याय सोपा होता. 'प्रत्येक n साठी एक यादी निवडू' असं एक वाक्य सिद्धतेत घालायचं आणि पुढे जायचं. बहुतेक पुस्तकं तेच करतात, परीक्षेलाही ते पुरतं. मॅडमना तो नको होता. बैजिक संख्यांसाठी निवड लागतच नाही, मग मुलीला लागते असं का वाटू द्यायचं?

दुसरा पर्याय माझा, आणि अजूनही मला तो फार आवडतो. बहुपदी a₀ + a₁x + a₂x² + … घ्यायची आणि तिला 2^a₀ · 3^a₁ · 5^a₂ … ही संख्या द्यायची, पुढच्या सहगुणकांसाठी पुढच्या मूळ संख्या. सहगुणक ऋण असला तर ती मूळ संख्या छेदात जाते. x² − 2 ला मिळतो 5/4. x² − x − 1 ला 5/6. उलटही जाता येतं: 7/12 म्हणजे x³ − x − 2. प्रत्येक धन परिमेय संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, म्हणून पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदी आणि धन परिमेय संख्या यांची बरोबर एकास एक जोडी लागते. शून्य बहुपदीच्या वाट्याला 1 येतो, तो सोडून द्यायचा. परिमेय संख्यांची यादी वर्गाला ठाऊक होतीच, तेव्हा बहुपदींची यादी फुकटात मिळाली, तीही कोटीवार संच पाडून संयोग न घेता. शिवाय मागच्या बाकावरच्या मुलालाही उत्तर मिळतं: सहगुणक अनंत असले तर गुणाकार संपत नाही आणि परिमेय संख्या तयार होत नाही.

मॅडमचं म्हणणं पडलं की हे सुंदर आहे, पण यात मुळं दिसत नाहीत. 7/12 कडे पाहून कोणती बैजिक संख्या पुढे येणार ते मुलांना कळणार नाही. त्यांना अशी यादी हवी होती, जी मुलं वहीत हातानं लिहू शकतील.

म्हणून तिसरा पर्याय, कॅन्टरचाच. १८७४ मध्ये क्रेलेच्या नियतकालिकात आलेल्या त्याच्या लेखात तो आहे. बैजिक संख्या गणनीय असल्याची सिद्धता डेडेकिंडनं १८७३ च्या अखेरीस कॅन्टरला पत्रानं कळवली होती. छापील लेखात मात्र डेडेकिंडचं नाव नाही. असो.

काय केलं

पुढच्या तासाला मॅडमनी बहुपदीची 'उंची' सांगितली. कोटी n असेल तर

N = (n − 1) + |a₀| + |a₁| + … + |aₙ|

कोटी आणि सहगुणकांची निरपेक्ष मूल्यं एकाच बेरजेत का घ्यायची, हे आधी मुलांकडूनच काढून घेतलं. नुसती कोटी धरली तर कोटी १ मध्येच x − 1, x − 2, x − 3 असे अनंत येतात. नुसती सहगुणकांची बेरीज धरली तर बेरीज २ मध्ये x − 1, x² − 1, x³ − 1 असे अनंत येतात. दोन्ही एकत्र धरली की ठरावीक उंचीच्या बहुपदी मोजक्याच राहतात, कारण कोटीलाही मर्यादा पडते आणि प्रत्येक सहगुणकालाही. प्रत्येक बहुपदीची मुळंही मोजकीच.

आता यादी करायची ती उंचीच्या क्रमानं. एका उंचीवर ज्या नव्या वास्तव संख्या येतात, त्या लहानाकडून मोठ्याकडे लिहायच्या. सांत संख्यांना चढत्या क्रमात लावायला कोणतीही निवड लागत नाही, क्रम संख्यारेषाच देते. मिश्र मुळंही हवी असतील तर आधी वास्तव भागानं आणि तो सारखा असेल तर काल्पनिक भागानं क्रम लावायचा. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. बैजिक संख्या हा संयोग आहे खरा, पण त्यातल्या प्रत्येक संचाची यादी एका लेखी नियमानं मिळते. निवडीचं स्वयंसिद्ध न मानणाऱ्यालाही ही सिद्धता नाकारता येत नाही.

मग वह्या उघडल्या. उंची १ ला फक्त x, म्हणजे 0. उंची २ ला x − 1 आणि x + 1, म्हणजे 1 आणि −1. त्याच उंचीवर 2x आणि x² हेही आहेत, पण ते पुन्हा 0 च देतात. उंची ३ ला 2, −2, 1/2, −1/2 असे चार. x² − 1 ची उंचीही ३, पण त्याची मुळं येऊन गेलेली. x² + 1 ला वास्तव मूळ नाही.

उंची ४ ला वर्ग अडखळला. कोटी १ मधून ±3 आणि ±1/3. कोटी २ मधून ±√2, आणि x² − x − 1 व x² + x − 1 यांची मिळून चार मुळं. कोटी ३ मध्ये x³ − 1 वगैरे जुन्याच संख्या देतात, कोटी ४ मध्ये नुसता x⁴. बेरीज १०. जवळजवळ सगळ्या वह्यांत १० च.

मॅडमनी चूक दाखवली नाही. उत्तर चुकलंय हे कसं ओळखायचं ते दाखवलं. बहुपदीत x च्या जागी −x घातला तर उंची बदलत नाही, म्हणून r आला की −r त्याच उंचीवर यायला हवा. सहगुणक उलट्या क्रमानं लिहिले तरी उंची बदलत नाही, आणि तेव्हा r च्या जागी 1/r येतो. म्हणजे 0, 1 आणि −1 सोडले तर नव्या संख्या r, −r, 1/r, −1/r अशा चौकडीनंच येतात. १० ला ४ नं भाग जात नाही, तेव्हा काहीतरी सुटलंय. मिनिटभरात कुणीतरी ओरडलं, "√2 चा जोडीदार!" 2x² − 1 राहिला होता. त्याचे ±1/√2 धरून १२.

उंची ५ घरी करायला दिली. तिथे नव्या वास्तव संख्या २८ येतात, म्हणजे चौकड्या सात. १, २, ४, १२, २८ ही रांग वर्गानं स्वतः काढली.

या कामात एका गोष्टीवर गरजेपेक्षा जास्त वेळ गेला. काही मुलं प्रत्येक बहुपदीचे अवयव पाडून ती जुनीच मुळं देते का ते आधी तपासत बसली, तर काहींनी 2x − 2 आणि x − 1 वेगळे धरायचे की नाहीत यावर वाद घातला. गणनीयतेसाठी हे काहीच लागत नाही. यादीत पुनरुक्ती चालते, फक्त प्रत्येक संख्या कुठेतरी यायला हवी. प्रत्येक संख्येला ती पहिल्यांदा जिथे आली तो क्रमांक द्यायचा, की झालं. किती नव्या आल्या हे नेमकं मोजायचं असेल तरच पुनरुक्ती गाळावी लागते, आणि चौकडीची तपासणीही तेव्हाच उपयोगी पडते. ही दोन कामं वेगळी आहेत असं आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

काय झालं

अंतर्गत चाचणीत मॅडमनी 'सिद्ध करा' असा प्रश्न टाळला. √2 + √3 ही संख्या तुमच्या यादीत कोणत्या उंचीपर्यंत नक्की येईल, असं विचारलं. t = √2 + √3 घेतला तर t² = 5 + 2√6, म्हणून (t² − 5)² = 24, म्हणून t⁴ − 10t² + 1 = 0. उंची 3 + 1 + 10 + 1, म्हणजे 15. ज्यांनी १५ काढला त्यांना यादी कशी चालते ते समजलं होतं, यात शंका नाही. काहींनी बहुपदी बरोबर काढून उंची १२ लिहिली, कोटीचा भाग विसरून. आणि कोटी १ च्या सगळ्या संख्या संपल्यावर कोटी २ सुरू होईल असं लिहिणारेही निघाले. पहिली अडचण काहींच्या डोक्यात तशीच होती.

मागच्या बाकावरच्या मुलाला वेगळंच काही हवं होतं. बैजिक संख्या गणनीय, वास्तव संख्या गणनीय नाहीत, म्हणजे बीजातीत संख्या असल्याच पाहिजेत, इथवर त्याला मान्य होतं. "पण मॅडम, हाय म्हणता त एखादी दाखवा ना. नुसती हाय हाय काय कामाची?"

कॅन्टरची सिद्धता बीजातीत संख्या नुसत्या 'आहेत' म्हणते, दाखवत नाही, असं पुष्कळदा लिहिलेलं सापडतं. ते बरोबर नाही. पहिली बीजातीत संख्या १८४४ मध्ये लिऊव्हिलनं वेगळ्या वाटेनं दिली होती हे खरं. पण यादी हातात असेल तर कर्ण चालवून एक संख्या इथेही अंकाअंकानं लिहिता येते. ते काम मॅडमनी त्यालाच दिलं.

त्यानं यादीतल्या फक्त 0 आणि 1 यांच्या मधल्या संख्या उचलल्या. उंची ३ वर 1/2. उंची ४ वर 1/3, मग (√5 − 1)/2 म्हणजे 0.6180…, मग 1/√2 म्हणजे 0.7071…. उंची ५ वर सात: 1/4, √2 − 1, 1/√3, 2/3, मग x³ + x − 1 चं मूळ 0.6823…, x³ + x² − 1 चं मूळ 0.7548…, आणि 2x³ − 1 चं मूळ 0.7937…. पहिल्या संख्येचा पहिला दशांश अंक, दुसरीचा दुसरा, असं करत गेल्यावर त्याला 5, 3, 8, 1, 0, 3, 2, 6, 3, 2, 8 मिळाले. नियम त्यानंच ठरवला: अंक विषम असेल तर 2 लिहायचा, सम असेल तर 3. त्यामुळे प्रत्येक जागी अंक बदलतोच, आणि 0.4999… व 0.5 यांच्यासारखा एकाच संख्येच्या दोन लेखनांचा घोळ होत नाही, कारण 0 आणि 9 कुठे येतच नाहीत. निघाली 0.22323233233….

हे अकरा अंक एकटे काहीच सिद्ध करत नाहीत. 0.22323233233 एवढ्यावरच थांबलं तर ती साधी परिमेय संख्या आहे. पण नियम पुढच्या प्रत्येक उंचीला लागू आहे, म्हणून पुढचा कोणताही अंक मेहनत करून काढता येतो, आणि सगळे अंक मिळून जी संख्या होते ती यादीतल्या एकाही संख्येशी जुळत नाही. ती बीजातीत आहे. उंची ६ ची मुळं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढताना त्याचा बराच वेळ गेला. तिथे अंक पुरेसे अचूक हवेत, नाहीतर कर्णावरचा अंक चुकतो.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता, असं माझं मत आहे. आधी उंची शिकवून चार उंच्यांची यादी हातानं करून घ्यायची आणि मग संयोगाचं सर्वसाधारण प्रमेय सांगायचं. प्रत्येक टप्पा सांत असला पाहिजे ही गोष्ट मुलांनी हातानं अनुभवली असती, तर पहिली अडचण कदाचित आलीच नसती. मॅडमना हे पटत नाही. त्या म्हणतात की काट्यावर गाड्या अडकल्याशिवाय तिरप्या रेषा कशासाठी ते मुलांना कळलं नसतं, आणि सर्वसाधारण प्रमेय आधी आलं नसतं तर निवडीचा प्रश्न त्या मुलीला पडलाच नसता. दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

निवडीचा विषय सगळ्या वर्गापुढे काढायचा की विचारणारीपुरता ठेवायचा, हा खरा निर्णयाचा क्षण होता. मॅडमनी तो दोन वाक्यांत वर्गाला सांगितला आणि फेफरमन-लेव्हीची गोष्ट फक्त त्या मुलीला सांगितली. माझ्या मते हे प्रमाण बरोबर होतं. सर्वसाधारण प्रमेयाच्या सिद्धतेत 'प्रत्येक संचासाठी एक यादी निवडली' हे वाक्य मात्र आता प्रत्येकानं लिहायचं, असा वर्गात नियम आहे. बैजिक संख्यांच्या सिद्धतेत तेच वाक्य कुणी लिहिलं, तर मॅडम ते लाल शाईनं खोडतात आणि समासात उंचीचं सूत्र लिहून देतात.

मूळ संख्यांची माझी रीत यंदा शनिवारच्या तासाला एका मुलानं घेतली आहे. 2x³ − 1 ला कोणती परिमेय संख्या मिळते, हा त्यानं वर्गाला घातलेला पहिला प्रश्न. उत्तर 49/2.